आमची वाटचाल : गाळणाच्या सामूने शिकवलेलं

माती परीक्षणाची प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा येणारे बहुतेक नमुने आम्ल जमिनींचे होते. सामू पाच-साडेपाचच्या आसपास. उपलब्ध स्फुरदासाठी आम्ही ब्रे पद्धत बसवली. 5 ग्रॅम माती, 50 मिली द्रावण, पाच मिनिटं हलवणं आणि लगेच गाळणं. त्या द्रावणात 0.03 नॉर्मल अमोनियम फ्लोराइड आणि 0.025 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. आम्ल जमिनीत बराचसा स्फुरद अॅल्युमिनियम आणि लोहाला बांधलेला असतो. फ्लोराइड अॅल्युमिनियमला पकडून ठेवतं, त्यामुळे स्फुरद मोकळा होतो. आमचे आकडे शेतातल्या पिकाशी जुळत होते, म्हणून पद्धतीवर आमचा पूर्ण विश्वास होता.

मग एक शेतकरी आले. त्यांच्या नमुन्याचा स्फुरद आम्ही 3 पीपीएम, म्हणजे ‘फार कमी’ असा दिला होता. त्यांनी भरपूर स्फुरदयुक्त खत टाकलं, पण एक पट्टा मुद्दाम तसाच सोडला. दोन्हीकडचं पीक सारखंच आलं. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, तुमचा आकडा खरा असता तर तो पट्टा मागे राहायला हवा होता.”

राखून ठेवलेली त्यांची माती काढली आणि तिच्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला. ती फसफसली. सामू 8.2, मुक्त चुनखडी 12 टक्के. त्या दिवशी वहीत मांडलेला हिशेब मी आजही नव्या सहकाऱ्यांना दाखवतो. 50 मिली ब्रे द्रावणात एकूण आम्ल 1.25 मिलिइक्विव्हॅलंट. 5 ग्रॅम मातीतली चुनखडी 0.6 ग्रॅम, म्हणजे 12 मिलिइक्विव्हॅलंट. आम्लाच्या जवळपास दहापट! बारीक चुनखडी असेल तर मातीत सव्वा टक्का असली तरी सगळं आम्ल संपवायला पुरेशी आहे. शिवाय विरघळलेलं कॅल्शियम फ्लोराइडला कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपात खाली बसवतं. म्हणजे आमचं द्रावण मातीत पडताच निकामी होत होतं, आणि आम्ही त्या निकामी द्रावणाने काढलेला स्फुरद मोजत होतो.

तीच माती ओल्सेन पद्धतीने तपासली. 0.5 मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू 8.5, अडीच ग्रॅम मातीला 50 मिली, अर्धा तास हलवणं. इथे आम्ल नाहीच. बायकार्बोनेटमुळे द्रावणातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाजूला पडतं आणि कॅल्शियमला बांधलेला स्फुरद सुटतो. गाळणातले 5 मिली घेऊन रंग 25 मिलीत तयार केला, रंगमापकावर 0.14 पीपीएम आलं. 0.14 गुणिले 25 भागिले 5, गुणिले 20, म्हणजे मातीत 14 पीपीएम. शेतकऱ्यांचं पीक बरोबर सांगत होतं.

आता प्रत्येक नमुन्याचा सामू आणि फसफस आधी पाहतो. चुनखडी असलेली आणि सात-साडेसातच्या वर सामू असलेली माती ओल्सेनकडे जाते, आम्ल माती ब्रेकडे. मधल्या सामूची माती ओल्सेननेच करतो, कारण ही पद्धत सौम्य आम्ल जमिनीतही बऱ्यापैकी चालते. ब्रेच्या गाळणाचा सामूही तपासतो. मूळ द्रावण साधारण 2.6 चं असतं. गाळण सहा-सातवर गेलं असेल, तर आकडा कितीही नीटनेटका दिसला तरी आम्ही तो देत नाही.

ओल्सेनलाही जपावं लागतं. उघडं ठेवलेलं द्रावण कार्बन डायऑक्साइड सोडतं, सामू चढतो आणि स्फुरद जास्त निघतो. म्हणून वापरण्याआधी सामू पुन्हा 8.5 वर आणतो. उन्हाळ्यात खोली तापली तरी आकडा वाढतो, तेव्हा तापमान एकच ठेवावं लागतं. रंगासाठी गाळण आम्ल करताना वायू पूर्ण निघून जाऊ द्यायला हवा, नाहीतर नळीत बुडबुडे राहतात आणि प्रकाश अडून वाचन चढतं.

अहवालात आम्ही पद्धतीचं नाव स्फुरदाच्या आकड्याशेजारीच छापतो. ब्रेचे 14 आणि ओल्सेनचे 14 एकाच तक्त्यात वाचता येत नाहीत, कारण त्यांच्या कमी-मध्यम-जास्तच्या सीमा वेगळ्या आहेत, आणि एका आकड्यावरून दुसरा काढायचं सगळ्या मातींना लागू पडणारं सूत्र नाही. दुसरी गल्लत एककाची होते. 14 पीपीएम स्फुरद म्हणजे वरच्या थरात हेक्टरी सुमारे 31 किलो, पण तोच फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात सांगितला तर 72 किलो, कारण मध्ये 2.29 चा गुणक आहे. तो पुसटसा फरक नजरेतून सुटला तर खताची मात्रा दुपटीहून जास्त चुकते.

एक सावधगिरी अजूनही फोनवर सांगावी लागते. ज्या शेतात रॉक फॉस्फेट टाकलं आहे तिथे ब्रेचा आकडा पिकाला खरोखर मिळणाऱ्या स्फुरदाशी जुळेलच असं नाही. त्यामुळे नमुना घेताना आम्ही गेल्या काही हंगामांत कुठलं खत टाकलं ते विचारून पावतीवर लिहून घेतो.