भरताचा पराठा न फाटता: सारण, कणीक आणि लाटणं (हिवाळ्याची नोंद)

बटाट्याचा पराठा आता हमखास जमतो, त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. थंडी पडली, बाजारात भरताची हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी आली, म्हणून या वेळी भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गर भरपूर आणि बिया कमी, म्हणून पराठ्यालाही तेच चांगलं. अडचण एकच, ती म्हणजे पाणी. बटाट्याचा स्टार्च आपलं पाणी धरून ठेवतो. वांगं भाजलं की त्याच्या पेशी मोडतात आणि पाणी मोकळं होतं. पंक्तीतलं भरीत जसं सैल, तेलकट असतं तसंच भरलं तर पोळपाटावरच पारी विरघळायला लागते.

प्रमाण सात पराठ्यांचं आहे. अर्धा किलो वांगी तुराट्यांवर भाजा, नाहीतर गॅसवर. सालं काढून गर चाळणीत उतरता ठेवा, वर काही दाबू नका. अर्ध्या तासात खाली बऱ्यापैकी तपकिरी पाणी जमतं. ते फेकू नका, वरणात घाला, धुराचा वास छान उतरतो. मग गर बडगीत किंवा साध्या पातेल्यात ठेचा. देठाजवळचे धागे या वेळीच काढायचे, कारण पुढे लाटताना पारीला तेच ओरखडतात.

कढईत दोन चमचे तेल, त्यात ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, मग मूठभर कांद्याची पात. पात अगदी बारीक हवी आणि ती पुरती मऊ व्हायला हवी. कच्ची पात मीठ लागलं की पाणी सोडते, तेही सारण भरून झाल्यावर. त्यानंतर गर घालून मंद आचेवर परता. उलथन्याने कढईच्या तळाला रेघ ओढावी. ती लगेच भरून आली तर सारण ओलं आहे, तशीच उघडी राहिली तर झालं. गर उतरवला की तीन चमचे दाण्याचा कूट आणि एक चमचा डाळ्याचं पीठ मिसळायचं. डाळ्याचं पीठ उरलेला ओलावा शोषतं, मात्र एक चमच्याच्या पुढे गेलात तर भरताची चव जाऊन पिठल्याची येते. भरितातले अख्खे दाणे इथे बाद. लाटण्याखाली आलेला दाणा पारी आतून भोसकतो. मीठ सगळ्यात शेवटी, गार झाल्यावर.

ओलावा पाहायची दुसरी खूण: सारणाची लहान गोळी कोरड्या स्टीलच्या ताटलीत पाच मिनिटं ठेवा. उचलल्यावर खाली पाण्याचं कडं दिसलं तर पुन्हा कढईत. नुसती तेलाची चकाकी दिसली तर चालतं. सारण पूर्ण गार हवं. कोमट सारणाची वाफ पारीला आतून ओली करते, आणि फाटण्याची निम्मी गाऱ्हाणी इथेच सुरू होतात असं आमचं मत आहे.

आता कणीक. लोकवन गव्हाचं चक्कीवरचं पीठ २०० ग्रॅम, पाणी साधारण १३५ मिली, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल. ताजं दळलेलं आणि बारीक असेल तर पाणी थोडं जास्त लागतं, म्हणून शेवटचं चमचाभर पाणी हाताला कळेल तसं. पाच मिनिटं मळून अर्धा तास झाकून ठेवा. या वेळात कोंड्याचे कण ओलावतात आणि ग्लुटेन सैलावतं. नाही ठेवली तर तेच कण पारीत चरे पाडतात. तेल जास्त घालून मऊपणा आणायचा मोह टाळा. तेलाने कणीक खुसखुशीत होते, ताणली जात नाही.

घट्ट कणीक पारी मजबूत ठेवेल असं वाटतं, पण होतं उलटं. घट्ट पारी लाटण्याखाली मागे येते, आतलं मऊ सारण मात्र पुढे सरकतं आणि जिथे पारी पातळ असेल तिथून बाहेर पडतं. कणीक आणि सारण दोन्ही बोटाला सारखीच मऊ लागली पाहिजेत, म्हणजे ती बरोबरीने पसरतात. आपल्याकडे मांडे करणाऱ्या बायका नेमकं हेच पाहतात: कणीक तार येईपर्यंत मळलेली आणि पुरण तिच्याइतकंच मऊ. म्हणून तो मांडा हातावर फिरवून खापरावर टाकला तरी फाटत नाही. पराठ्याची कणीक इतकी सैल नको. बोट दाबलं की खळगा सावकाश वर यावा. लगेच वर आला तर कणीक अजून घट्ट आहे किंवा ती पुरेशी मुरलेली नाही.

उंडा ४८ ग्रॅमचा, सारण ३५ ग्रॅम. पारी हातानेच करायची, कडा पातळ आणि मध्य जाड. मध्य पुढे पराठ्याची एक बाजू होतो, तर कडा एकत्र येऊन दुसरी बाजू होतात, म्हणून सरळ एकसारखी लाटलेली पारी घेतली तर तोंडाकडे पिठाचा गठ्ठा आणि समोर पापुद्रा उरतो. तोंड बंद करताना आतली हवा बाहेर काढा आणि वर राहिलेली शेंडी खुडून टाका. मिटलेली बाजू खाली ठेवून आधी बोटांनी मध्यातून कडेकडे थापत तळहाताएवढं करा, दोन मिनिटं थांबा, मग लाटणं. जोर मध्यापासून सुरू करून कडेला पोहोचण्याआधी सोडायचा, आणि पराठा दर वेळी थोडा फिरवायचा. एकदाच उलटा. साधारण १८ सेंटीमीटर आणि पोळीच्या दुप्पट जाड इथे थांबा. याहून पातळ भरताला झेपत नाही.

फाटलाच तर जागा पाहा. मधोमध फाटला तर पारीचा मध्य पातळ होता किंवा सारण ओलं. कडेला फुटला तर हवा अडकली किंवा शेवटपर्यंत जोर दिला. बारीक चीर असेल तर धागा, पातीचं देठ किंवा दाणा शोधा. आणि पोळपाटालाच चिकटून फाटला तर दोष सारणाचा नसून लाटून ठेवलेल्या वेळाचा. सगळे पराठे लाटून मग भाजायला घेतले की पहिल्या दोघांच्या पारीत ओल उतरलेली असते. एक लाटा, तो तव्यावर टाका, मग दुसरा.

फाटलेल्या जागेवर पिठाची चिमूट दाबा आणि तिथून पुन्हा लाटणं फिरवू नका. ती बाजू वर ठेवूनच तव्यावर टाका, म्हणजे सारण तव्याला लागून जळत नाही. तवा मध्यमपेक्षा जरा तेज हवा. मंद तव्यावर पारी सुकून कडक होते आणि वाफ कडेने फोडून निघते. खालची बाजू आखडून डाग पडले की तेल सोडून उलटायचं.

गर काही केल्या सैलच राहिला, विशेषतः हंगामाच्या शेवटच्या बियाळ वांग्यांचा, तर उंडा भरण्याचा हट्ट सोडा. ३० ग्रॅमच्या दोन पाऱ्या लाटा, एकीवर सारण कडेला बोटभर जागा सोडून पसरा, दुसरी वर ठेवून कडा दाबा आणि लाटणं फक्त एकदोनदा हलकं फिरवा. कडा जरा जाड लागतात.

पुढच्या नोंदीत मुळा. त्याचं पाणी मिठाने आधीच काढावं लागतं, म्हणजे मीठ शेवटी हा इथला नियम तिथे उलटा होतो.