एकतीस जून

दुपारी ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडला, ‘सर्वांनी तिमाही अहवाल ३१ जूनपर्यंत द्यावेत.’ मी पाहिला तोवर खाली अकरा उत्तरं जमली होती. ‘ओके सर’, ‘नोटेड सर’, चार जोडलेले हात आणि एक ‘उत्तम नियोजन सर’. मी उगाच मूठ वळून उंचवटे मोजले. जून खळग्यातच आला.

आता लिहायचं कसं? ‘सर, जून ३० दिवसांचा असतो’ असं लिहिलं आणि खोडलं. खरं होतं, पण हातात छडी दिसत होती. मग ‘सर, क्षमस्व, लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण बहुधा टायपिंगची चूक...’ हेही खोडलं. एवढी माफी मागितली की चूक उगाच मोठी दिसते, आणि साहेबांना आधी माझी समजूत काढावी लागते.

खासगीत सांगावं का? मेसेज पडून पंधरा मिनिटं झाली नसती, तर तेच केलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढ्या वेळात आपला मेसेज आपल्यालाच दुरुस्त करता येतो. साहेबांनी गुपचूप केला असता. पण वीस मिनिटं उलटली होती. शुद्धलेखनाची चूक असती तर मी गप्प बसलो असतो. इथे मात्र कुणी ३० धरणार, कुणी १ जुलै.

शाळेत बाईंनी एकदा फळ्यावर बेरीज चुकवली होती. आम्ही सगळ्यांनी ती सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. माझ्या शेजारची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, हातचा धरायचा का?’ बाईंनी फळ्याकडे पाहिलं, डस्टरच्या कोपऱ्याने एक आकडा पुसला आणि म्हणाल्या, ‘धरायचा.’ तास पुढे सुरू. ती मुलगी गणितात माझ्यापेक्षा कच्ची होती, हे मला अजून खुपतं.

मी लिहिलं, ‘सर, अंतिम तारीख ३० जून धरू की १ जुलै? १ जुलै असेल तर लेखा विभागाचे आकडे त्यात घेता येतील.’ ‘सर’ एकदाच. दुसरं वाक्य जरा रेंगाळून ठेवलं. ते नसतं तर प्रश्नाला टोचणीचा वास आला असता. शिवाय आकड्यांचं खरंच तसं होतं. नसतं, तर मी ते वाक्य घातलं नसतं. (घातलं असतं कदाचित.) ‘उत्तम नियोजन’ मात्र लिहिलं नाही. नियोजन उत्तम असेलही, पण त्या तारखेखाली ते लिहिलं की टोमणाच वाटला असता.

चार मिनिटांनी साहेबांचं उत्तर आलं, ‘१ जुलै. बरं झालं विचारलंत.’

त्याखाली लगेच अकरा उत्तरं. ‘ओके सर’, ‘नोटेड सर’, आणि त्याच गृहस्थांचं, ‘उत्तम नियोजन सर.’