न थांबणाऱ्या गाडीतून स्थानकाचे नाव

लोणावळा सुटल्यावर थेट शिवाजीनगर किंवा पुण्यालाच थांबणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलेल्या माणसाला मधली स्थानके जाताना दिसतात, पण त्यांची नावे वाचता येतीलच असे नाही. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहू रोड अशी ही रांग आहे. यांतली काही नावे सहज नजरेत येतात आणि काही अंगावरून निघून जातात. आपण चष्म्याला किंवा गाडीच्या वेगाला दोष देऊन मोकळे होतो. मला मात्र अनेक वर्षे असे वाटत आले आहे की अमुक नाव अमुक अंतरावरून वाचता येईल की नाही, हे थोड्या हिशोबाने आधीच सांगता यावे, आणि त्या हिशोबात डोळ्यांइतकाच वाटा पाटी कशी लावली आहे याचा आणि नावातल्या अक्षरांचा असतो.

सुरुवात सरळ समोर दिसणाऱ्या पाटीपासून करू. नेत्रतपासणीचा तक्ता ज्या मापावर बेतलेला असतो ते असे, की निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो, आणि अक्षर ओळखण्यासाठी त्याची उंची अशा पाच भागांएवढी लागते. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंतची धरावी. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार मिळून पाटीवरची बरीच जागा घेतात, त्यामुळे पाटीच्या उंचीवरून अंदाज केला की तो हमखास फसतो. समजा, अक्षराचे हे अंग 15 सेंटिमीटर आहे. त्याचा पाचवा भाग 3 सेंटिमीटर होतो आणि तेवढा तपशील तपासणीच्या खोलीतल्या शांततेत सुमारे 100 मीटरवरून कळायला हवा. गाडीचा हादरा, धुरकट काच आणि उन्हाची तिरीप यांच्यासाठी मी त्यातून तिसरा हिस्सा वजा करतो, म्हणजे 70 मीटर उरतात. तोंडी हिशोबाला सोपे पडावे म्हणून असे म्हणता येईल की अक्षराच्या दर सेंटिमीटरमागे साडेचार-पाच मीटर मिळतात.

फलाटाच्या दोन्ही टोकांना जे मोठे पिवळे नामफलक असतात ते बहुधा येणाऱ्या गाडीकडे तोंड करून, आडवे किंवा तिरके उभे केलेले असतात, आणि त्यांना हा हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो. ताशी 72 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला 20 मीटर कापते. खिडकीच्या गजांना गाल लावून पुढे पाहणाऱ्याला असा फलक 70 मीटरवरून दिसू लागला, तर तो मागे पडेपर्यंत साडेतीन सेकंद मिळतात. तेवढ्यात नाव वाचून होते आणि शेजाऱ्याला सांगूनही होते. फलकाच्या तळाशी समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती मात्र थांबलेल्या गाडीतल्या रिकामटेकड्यांसाठीच असावी.

खरी अडचण फलाटावरच्या, रुळांना समांतर लावलेल्या पाट्यांची आहे, आणि बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला त्याच येतात. अशी पाटी खिडकीपासून 5 मीटरवर आहे असे धरू. ती अगदी समोर येते तेव्हा सर्वांत जवळ असते, म्हणून आपण नेमके त्या क्षणी वाचू पाहतो, आणि तोच क्षण सर्वांत वाईट असतो. 72 च्या वेगाने त्या वेळी पाटी नजरेपुढून सेकंदाला दोनशे अंशांहून अधिक वेगाने सरकते. डोळा एखाद्या सरकत्या वस्तूचा सलग आणि स्वच्छ पाठलाग सेकंदाला सुमारे 30 अंशांपर्यंतच करू शकतो. त्यापुढे तो मागे पडतो आणि अक्षरांच्या जागी काळी रेघ उरते. म्हणून पाटी समोर येण्याच्या सुमारे 13 मीटर आधीच तिचे वाचन संपलेले असावे लागते.

आता तिच्याकडे आणखी आधीपासून पाहायचे ठरवले, तर दुसरी अडचण येते. समांतर पाटी लांबून तिरकी दिसते, तिची उंची जशीच्या तशी राहते आणि रुंदी चेपली जाते. 20 मीटरवरून ती चौथ्या हिश्श्याएवढी होते, तर 40 मीटरवरून आठव्या हिश्श्याएवढी. जे अक्षर समोरून 70 मीटरवर वाचता आले असते, ते या तिरकस नजरेला 18 मीटरच्या आसपास येईपर्यंत उलगडत नाही. 18 व्या मीटरला वाचन सुरू आणि 13 व्या मीटरला बंद, म्हणजे हाती आले पाच मीटर, अर्थात पाव सेकंद. मान फिरवून डोळे फार ताणले, तर अर्धा सेकंद मिळतो. वाचणारा एरवी एका शब्दावर जेवढी नजर टेकवतो, तेवढीच ही सवलत आहे. पाटीवरची अक्षरे दुप्पट केली तरी 18 चे 36 मीटर होत नाहीत, जेमतेम 26 होतात, कारण मागे जाताना अंतरही वाढते आणि तिरकेपणाही वाढतो.

याच हिशोबातून निघणारी एक गोष्ट मला फार आवडते. जवळच्या फलाटावरची पाटी सोडून पलीकडच्या फलाटावरची, म्हणजे 12 मीटरवरची पाटी पाहिली, तर ती कमी तिरकी दिसते आणि कमी वेगाने सरकते. लांब असूनही तिच्यासाठी दीडपटीहून अधिक वेळ मिळतो. मध्ये दुसरी गाडी उभी नसेल, तर लांबची पाटी वाचणेच शहाणपणाचे आहे.

या पाव सेकंदात कोणते नाव हाती लागेल, हे अक्षरांच्या घडणीवर ठरते. चेपल्या जाणाऱ्या रुंदीचा फटका उभ्या दंडांना बसतो. व, ब, क, प, म, ग ही दंड असलेली अक्षरे आणि त्यांच्यामधले काने एकमेकांच्या अंगावर येतात, गोलाई आणि दंड यांच्यातली पोकळी बुजते. शिरोरेषा सगळ्यांना समान असल्याने ती काहीच सांगत नाही. शिरोरेषेच्या वरच्या खुणा मात्र या दाटीतून वाचतात, कारण त्यांना वर मोकळी जागा आहे आणि त्यांची उंची कमी झालेली नसते. मात्रा, वेलांटी आणि रफार नावाच्या डोक्यावर निशाणासारखे उभे राहतात.

या मार्गावरच्या तीन वाड्या घ्या. घोरावाडी, बेगडेवाडी आणि कासारवाडी. तिन्हींचा शेवट एकच आहे, म्हणून तो कितीही स्पष्ट दिसला तरी निरुपयोगी ठरतो. पहिली अक्षरे कळली नाहीत असे समजून केवळ डोक्यावरच्या खुणा पाहिल्या, तर घोरावाडीला सुरुवातीला एक मात्रा आहे आणि शेवटी वेलांटी, मधला भाग सपाट आहे. बेगडेवाडीला पहिल्या अक्षरावर मात्रा, एक अक्षर सोडून पुन्हा मात्रा आणि शेवटी वेलांटी. कासारवाडी शेवटच्या वेलांटीपर्यंत पूर्ण सपाट आहे. एकही अक्षर न वाचता तीन स्थानके वेगळी झाली. वडगाव आणि तळेगाव यांचेही तसेच, पहिल्याच्या डोक्यावर काही नाही आणि दुसऱ्याच्या मध्यावर एक मात्रा आहे. पाटीवरच्या रोमन ओळीत सगळी अक्षरे मोठी आणि एका उंचीची असल्याने ही सोय तिथे मिळत नाही. तिरक्या नजरेला ती ओळ एकसारखे कुंपणच वाटते.

लांबीबद्दलचा सर्वसाधारण समज असा, की आखूड नाव लवकर वाचून होते. ते समोरच्या फलकापुरते खरे आहे. समांतर पाटीवर चेपलेले पाच अक्षरी नावही नजरेच्या एका टप्प्यात मावते, तेव्हा ते लांब असल्यामुळे अडत नाही. उलट लांब नावाला खुणा अधिक असतात. पुण्याच्या पुढे दौंडच्या वाटेवर यवत लागते. तीन अक्षरे, एकही मात्रा नाही, आणि तिन्ही अक्षरांना दंड. ते माझ्या मते त्या मार्गावरचे सर्वांत अवघड नाव आहे. त्याच्यापुढचे खुटबाव उकारामुळे आणि दंड नसलेल्या ट मुळे थोडे मोकळे होते, तर कडेठाण मधल्या मात्रेमुळे आणि गोल ठ मुळे सहज सुटते. मात्र हे ज्याला रांगेतली नावे ठाऊक आहेत त्याच्यासाठी खरे आहे. नवख्या माणसाला अक्षर अन् अक्षर लावावे लागते आणि त्याच्या दृष्टीने लांब नाव हे लांबच राहते.

आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत, यानेही फरक पडतो. गाडीच्या दिशेने तोंड करून डाव्या खिडकीशी बसलेल्याला पाटी चौकटीच्या उजव्या कडेकडून येते, म्हणून तिचे पहिले अक्षर आधी दिसते. उजव्या खिडकीशी बसलेल्याला ती डावीकडून येते आणि त्यामुळे तिचा शेवट आधी पुढे येतो. तीन वाड्यांच्या बाबतीत त्याला आधी ‘वाडी’ मिळते, आणि उपयोगाचा भाग येईपर्यंत पाव सेकंद संपत आलेला असतो.

वेगाला एक मर्यादा आहे आणि ती पाटीच्या अंतरावर अवलंबून नाही, हे मला हिशोब मांडल्यावरच कळले. वेग वाढला की वाचन बंद होण्याची जागा मागे सरकते, आणि एका वेगाला ती वाचन सुरू होण्याच्या जागेला येऊन मिळते. 15 सेंटिमीटरच्या अक्षराचा 3 सेंटिमीटरचा तपशील धरला, तर हा वेग ताशी 130 किलोमीटरच्या जवळ येतो. पण ब आणि व यांच्यातला फरक पोटातल्या एका बारीक तिरक्या रेघेचा आहे, तर ध आणि घ यांच्यातला शिरोरेषेतल्या छोट्या खंडाचा. हा तपशील दीड सेंटिमीटर धरला की मर्यादाही निम्मी, म्हणजे 65 वर येते. 72 च्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून त्या पाटीवर बेगडेवाडी आहे की वेगडेवाडी, घोरावाडी आहे की धोरावाडी, हे सलग नजर लावून ठरवता येत नाही. जो ते बरोबर सांगतो त्याने ते नाव आधीपासून माहीत असल्यामुळे सांगितलेले असते. याची परीक्षा अनोळखी मार्गावर करावी. तिथे मी वाचलेले नाव पक्के धरण्याआधी पुढच्या स्थानकाचे नाव वेळापत्रकातल्या क्रमाशी जुळते का, ते पाहतो, आणि पहिल्या अक्षरात ब असेल तर व धरून आणि घ असेल तर ध धरूनही एकदा शोधतो.