तीन लाखांची जुळवाजुळव

कराडमधील एका धर्मादाय रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक आहे. गेल्या पावसाळ्यात हृदयविकाराचा झटका आलेल्या एका शेतकऱ्याची तातडीने बायपास करावी लागली. उत्पन्नाच्या अटीमुळे धर्मादाय सवलत मिळेना आणि विम्याची मर्यादा संपल्यावर तीन लाख रुपये भरायचे उरले. मुलाने वैयक्तिक कर्जाचा अर्ज मोबाइलवर जवळजवळ पूर्ण केला होता. त्याला थांबवून मी आधी घरखर्च लिहायला लावला. हातात येणाऱ्या 28,000 रुपयांतून घरखर्चाचे 15,000 आणि वडिलांच्या औषधांचे 3,000 वजा जाता महिना 10,000 रुपये उरत होते.

त्या कर्जाचा दर 16 टक्के होता. तीन वर्षांच्या मुदतीने हप्ता सुमारे 10,550 रुपये बसत होता, म्हणजे पहिल्याच महिन्यापासून ओढाताण, आणि व्याजापोटी जवळजवळ 80,000 रुपये जाणार होते. रुग्णालयाची बारा हप्त्यांची ‘बिनव्याजी’ सोय ऐकायला गोड वाटते. पण संपूर्ण रकमेसाठी महिना 25,000 रुपये लागले असते. शिवाय ही उधारी रुग्णालयाची नसून एका वित्त कंपनीचे मुलाच्या नावावरचे कर्ज असते, त्यावर प्रक्रिया शुल्क लागते आणि हप्ता चुकला तर त्याची नोंद पतअहवालात होते.

सोने गहाण ठेवायला आई तयार होती, मात्र ओळखीचा सावकार महिना दोन टक्के, म्हणजे वर्षाला 24 टक्के, मागत होता. बँकेचा दर साडेनऊ टक्के होता. बँकेच्या सराफाने कसोटीवर घासून सोन्याचा कस पाहिला आणि मंगळसूत्रातील काळ्या मण्यांचे वजन वगळले, तेव्हा माउलीचा चेहरा पडला. तरीही दोन लाखांपुरते सोने निघाले. त्याचे व्याज महिना सुमारे 1,583 रुपये, आणि उरलेल्या एका लाखाचा रुग्णालयाचा हप्ता 8,333 रुपये. दोन्ही मिळून 9,916. गणित जेमतेम बसले. दोन हप्ते आगाऊ भरायचे होते, तेवढे मामांनी दिले.

मुलीने लोकवर्गणीचे ऑनलाइन आवाहनही केले. त्या संकेतस्थळावर देणगीदाराच्या रकमेत संस्थेसाठीची ‘टिप’ आधीच जोडलेली असते आणि कागदपत्रांच्या पडताळणीनंतरच पैसे सुटतात. आपल्या भागात देणारे बहुधा ओळखीचेच निघतात, म्हणून आजच्या बिलासाठी त्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे. जी रक्कम येईल ती पुढच्या औषधांसाठी ठेवायची, असे आम्ही ठरवले.

सोन्याचे मुद्दल मात्र वर्षअखेरीस एकरकमी फेडायचे होते आणि बहुतेक घरे तिथेच अडकतात. यांची सारी भिस्त कारखान्याकडून येणाऱ्या उसाच्या बिलावर होती आणि ते बिल टप्प्याटप्प्याने मिळणार होते. म्हणून शाखाधिकाऱ्यांना विनंती करून आम्ही पाटल्या एका कर्जखात्यात आणि हार व मंगळसूत्र दुसऱ्या खात्यात ठेवले, जेणेकरून पहिल्या बिलातून एक खाते बंद झाले की त्यातले दागिने लगेच सोडवता येतील.