उजवा पंजा

काकांनी बंडूला चादरीत गुंडाळून आणलं होतं. चादरीला उलटीचा वास येत होता आणि काकांच्या शर्टावर लाळ सुकून पांढरी झाली होती. "पहाटेपासून फिट येतायत त्याला. उठायला गेला की लोळतो. तेरा वर्षं झाली डॉक्टर, आता इंजेक्शन देऊन मोकळं करा."

फिट नव्हती. फिटमध्ये कुत्रा सहसा भानावर नसतो, बंडू होता. हाक मारली की कान हलवायचा, काकांचा आवाज आला की शेपूट टेबलावर आपटायचा. डोकं मात्र डावीकडे कललेलं, पाय फाकवून बसलेला, आणि आधार काढला की डाव्या कुशीवर गडगडायचा. बुबुळं हळूहळू डावीकडे सरकायची आणि झटक्यात उजवीकडे परत यायची. पुन्हा सरकायची, पुन्हा झटका. लोक या डोळ्यांनाच घाबरतात.

असे म्हातारे कुत्रे मी पुष्कळ पाहिलेत. दोन्ही आतल्या कानांतून मेंदूला तोलाच्या बातम्या सतत जात असतात. डाव्या कानाची बातमी अचानक थांबली की उजव्याचीच ऐकू येते आणि मेंदूला वाटतं, डोकं उजवीकडे फिरतंय. मग डोळे ती गिरकी सावरायला डावीकडे सरकतात आणि झटक्यात परत येतात. डोकं बिघडलेल्या बाजूला कलतं, झटका उलट्या बाजूला. हे सगळं कानातलं असेल, मेंदूतलं नसेल, तर बहुतेक कुत्री तीन दिवसांत सावरायला लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत फिरायला जातात. कारण कळत नाही, औषध लागत नाही. मान थोडी वाकडी राहिली तर राहते.

तेव्हा प्रश्न एकच, कान की मेंदू. झटका आडवा आहे की वरखाली, ते पाहिलं. वरखाली झटका मेंदूकडे बोट दाखवतो. आडवाच होता, मान कशीही वळवली तरी दिशा बदलली नाही. पापणीला बोट लावलं तर दोन्ही डोळे मिटले, ओठ लोंबत नव्हता, दोन्ही बाहुल्या सारख्या. कानात दुर्बीण घातली, दोन्ही पडदे शाबूत, पू नाही. कानात घालायची थेंबऔषधं किंवा जुलाबाच्या गोळ्या हल्ली दिल्यात का, तेही विचारलं. जुलाबावर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल मोठ्या डोसमध्ये गेलं की कुत्रा असाच डगमगतो. काही दिलं नव्हतं.

राहिले पंजे. हा तपास दिसायला पोरखेळ, पण सगळं यावर ठरतं. पंजा उलटा करून त्याची पाठ जमिनीला टेकवायची. कुत्र्याने तो तत्काळ सरळ करायला हवा. पाय कुठे आहे ही खबर मणक्यातून वर मेंदूत जाते, आतल्या कानाचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून बिघाड कानात असेल तर कुत्रा कितीही लोळो, पंजा झटकन सरळ होतो. पंजा रेंगाळला तर मेंदूकडे बघायचं.

बंडू लोळतच होता. मी एकटा होतो, मदतनीस दुसऱ्या टेबलावर. त्याला पोटाखाली धरून मी घाईने पंजे उलटवले. मागचा उजवा जरा उशिरा सरळ झाला. तेरा वर्षांचा कुत्रा, खुब्याची संधिवाताची तक्रार आधीपासूनची, असं मनात म्हटलं आणि केसपेपरवर लिहिलं, 'पंजे ठीक.'

वांती थांबायला मॅरोपिटंट दिलं, किलोमागे एक मिलिग्रॅम, त्वचेखाली. सलाईन लावलं. शेजारचे डॉक्टर डोकावून म्हणाले, "स्टेरॉइड ठोक ना थोडं." आमच्या धंद्यात कारण कळेना की स्टेरॉइड ठोकायचं ही जुनी खोड. याला त्याचा उपयोग नाही, उलट जास्त पाणी पिणारा, जागीच लघवी करणारा कुत्रा मालकाच्या गळ्यात पडतो. काकांना म्हटलं, "मोकळं करायचं नाही. तीन दिवस थांबा. हा कानाचा प्रकार आहे." हे वाक्य मी फार खात्रीने म्हटलं होतं. काका रडले.

चौथ्या दिवशी बंडू स्वतःच्या पायांवर चालत आला. डोळे थांबले होते, जेवत होता. काकांनी पेढ्यांचा पुडा ठेवला. सवयीने मी त्याला पाठीवर उताणा केला, आणि डोळे पुन्हा उडायला लागले. आता वरखाली.

मी पुडा बाजूला सरकवला आणि मदतनिसाला बोलावलं. त्याने बंडूला छाती आणि पोटाखाली हात घालून उचलून धरलं, वजन पायांवर येणार नाही असं. पंजा नीट तपासायची हीच रीत आहे. डावे दोन्ही पंजे टेकवताक्षणी सरळ झाले. उजवा मागचा उलटाच राहिला. मग उजवा पुढचा उलटवला, तोही उलटाच. मनात चार आकडे मोजले तरी पंजा तसाच. खुब्याच्या संधिवाताने पुढचा पंजा रेंगाळत नाही.

डोकं डावीकडे आणि रेंगाळणारे पंजे उजवीकडे, असा पेच पडला की बिघाड उजव्या बाजूला, लहान मेंदूत शोधायचा. लहान मेंदू आपल्या बाजूच्या तोलाच्या केंद्रावर लगाम ठेवतो. उजवीकडचा लगाम सुटला की उजवं केंद्र जास्त ओरडायला लागतं, त्यापुढे डावं दुबळं पडतं आणि डोकं डावीकडे कलतं, अगदी डावा कान बिघडल्यासारखं. फसवणूक इथेच होते. पाय मात्र फसवत नाहीत, ते बिघाडाच्याच बाजूला रेंगाळतात.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, रक्तदाब. शेपटीला पट्टा बांधून, खोलीत दहा मिनिटं शांत बसू देऊन, पहिलं माप टाकून देऊन पाच मापं घेतली. सरासरी वरचा दाब २१०. लघवीत प्रथिनं, रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं. म्हणजे मूत्रपिंडं आधीच कुरकुरत होती आणि त्यापायी वाढलेल्या दाबाने कुठलीतरी धमनी बंद पाडली असणार. अ‍ॅम्लोडिपिन सुरू केलं. दाब उतरल्यावर, भूल देण्याजोगा झाल्यावर, एमआरआय झाला. लहान मेंदूच्या उजव्या भागात पाचरीसारखा डाग होता, रक्त न पोचलेल्या जागेचा. गाठ नव्हती.

काकांना सगळं समजावून सांगितलं. फार वेळ ते रिपोर्टकडे बघत होते. "म्हणजे पहिल्या दिवशी तुम्हाला माहीत असतं, तर तुम्हीही म्हणाला असता का, मोकळं करू या?"

नसतो म्हणालो. मेंदूतला असा झटकाही पुष्कळ कुत्रे पचवतात, बंडूनेही पचवला. पण ते चार दिवस त्याच्या डोक्यात २१०चा दाब फिरत होता आणि दुसरी धमनी फुटायची किंवा बुजायची राहिली, यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. काकांना मी फक्त 'नाही' एवढंच म्हणालो. दाबाचं बोललो नाही. बोलायला हवं होतं.

बंडू आता मान किंचित वाकडी करून फिरतो, बाकी ठणठणीत. दर पंधरा दिवसांनी शेपटीला पट्टा बांधून घ्यायला येतो. जुना केसपेपर अजून त्याच्या फायलीत आहे. 'पंजे ठीक' मी खोडलेलं नाही, त्याखाली तारीख घालून लिहिलंय, 'उजवे दोन्ही उशिरा.'