तुम्ही विचारलंत म्हणून: हजार चंद्रांचा हिशोब

"मास्तर, तुम्ही एवढे गणितातले, मग आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन का नाही केलंत? आणि ते ऐंशी वर्षं आठ महिने झाल्यावरच करायचं ना?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देतो. पहिल्याचं टाळायला बघतोय असं वाटलं तर तेही खरंच आहे.

ऐंशी वर्षं आठ महिने हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. ऐंशी वर्षांच्या वर्षाला बारा याप्रमाणे 960 पौर्णिमा, वर आठ महिन्यांच्या आठ, म्हणजे 968. उरल्या बत्तीस. त्या अधिक महिन्यांतून येतात. दर अडीच वर्षांनी एक अधिक महिना धरला, तर 968 महिन्यांत बत्तीस बसतात आणि हजार पुरे होतात. तोंडी हिशोब म्हणून हे झकास आहे.

गडबड आहे ती त्या अडीच वर्षांत. अधिक महिना तीस महिन्यांनी नव्हे, सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो. मग 968 महिन्यांत बत्तीस अधिक महिने कुठले यायला? जेमतेम तीस येतात. म्हणजे आठव्या महिन्यात माणसाच्या पौर्णिमा होतात साधारण 998. हजारावी येते ऐंशी वर्षं आणि सव्वानऊ ते सव्वादहा महिन्यांच्या दरम्यान. जन्म पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचा असेल तर लवकर, पौर्णिमा नुकतीच उलटून गेल्यावरचा असेल तर उशिरा.

घरी मोजायचं असेल तर जन्मानंतरची पहिली पौर्णिमा जुन्या पंचांगात शोधा. तिथून ऐंशी वर्षं पुढे जा आणि त्यात 281 दिवस मिळवा. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तेव्हा शेवटी त्या वर्षाचं पंचांग बघाच.

आप्पांचा जन्म 12 नोव्हेंबर 1944 चा. आजोबांनी वहीत तारीख लिहून ठेवली होती, हे आमचं नशीब. पुढची पौर्णिमा 30 नोव्हेंबरला, ती पहिली. तिच्यापासून ऐंशी वर्षं म्हणजे 30 नोव्हेंबर 2024, पुढे 281 दिवस म्हणजे 7 सप्टेंबर 2025. पंचांगातही त्या दिवशी भाद्रपद पौर्णिमाच होती. हिशोब असा चपखल बसल्यावर मला किती आनंद झाला होता, ते आता सांगायला लाज वाटते.

गुरुजींनी 12 जुलैचा शनिवार काढून दिला होता. आठ महिने त्याच दिवशी पुरे होत होते, पाहुण्यांनाही सुट्टी. आईनं गुजरीतून चांदीची चंद्राची प्रतिमा आणून ठेवली होती. स्वतःसाठी एक हिरवी साडी घेतली होती, आणि ती कुणाला दाखवत नव्हती. मी जेवणाच्या टेबलावर कागद मांडला आणि सांगितलं, की गुरुपौर्णिमेला आप्पांचे 998 होतात, नारळी पौर्णिमेला 999, आणि हजारावा 7 सप्टेंबरला. जुलैत केलं तर ते सहस्रचंद्रदर्शन कसलं?

आई म्हणाली, "दोन चंद्र कमी पडले तर कोण मोजायला येतंय का?"

मी म्हणालो, "मी मोजलेत की."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. त्या वेळच्या मला मी अधूनमधून झापतो, पण तोही गप्प बसत नाही. तो म्हणतो, चुकीचं काय बोललो? एरवी बाजारात कुणी शंभराला अठ्ठ्याण्णव दिले तर आईच भांडायची ना?

बरं, 7 सप्टेंबरला तरी करायचं होतं. पण त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणजे कोल्हापुरात मिरवणुकीनं अख्खं गाव रस्त्यावर. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. तो संपला की नवरात्र. म्हणून मी ठरवलं, दसरा होऊ दे, कोजागिरीला, 6 ऑक्टोबरला करू. कोजागिरी म्हणजे आप्पांचा 1001 वा चंद्र. दोन चंद्रांची वाट बघायला निघालेला मी एकूण तीन महिने पुढे गेलो, आणि हे माझ्या एकदाही ध्यानात आलं नाही. गुरुजी एवढंच म्हणाले, "तुमचा हिशोब बरोबर आहे. पण शांत एक्क्याऐंशीव्या वर्षात कधीही चालते हो." ते मला पळवाट वाटली.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आई गेली. आजार नाही, काही नाही. पहाटे छातीत कळ आली. बाहेर धो धो पाऊस होता, रिक्षा मिळेपर्यंत संपलं. मी थांबवलं म्हणून ती गेली असं कुणी म्हणालं नाही, आणि ते खरंही नाही. पण जुलैत केलं असतं तर आप्पांच्या शेजारच्या पाटावर ती बसली असती. तेवढं मात्र माझ्यामुळं झालं नाही. मग वर्षभर घरात मंगलकार्य नाही, आणि आप्पांनी स्पष्टच सांगितलं, "आता एकट्यानं बसायचं नाही मला."

तर हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

7 सप्टेंबरला रात्री आप्पा स्वतःहून गच्चीवर आले. ढग होते. अकरा वाजून गेल्यावर थोडी फट पडली आणि तांब्याच्या जुन्या पैशासारखा चंद्र दिसला. पाच मिनिटं असेल. त्यांनी विचारलं, "हा हजारावा?" मी होय म्हणालो. "म्हणजे जुलैतला नऊशे अठ्ठ्याण्णवावा. तुझी आई तेवढ्यात भागवायला तयार होती." एवढं बोलून ते खाली गेले.

'दर्शन' या शब्दावर तरी मी एवढा का अडलो, कळत नाही. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पौर्णिमेला चंद्र दिसतोच कुठं? आप्पांनी हजारातले शेकड्यांनी चंद्र पाहिलेलेच नाहीत. म्हणजे हा पाहिल्याचा हिशोब नव्हेच, होऊन गेल्याचा आहे. असं असेल तर त्यात काटेकोर राहण्याला जास्तच अर्थ आहे, की मुळीच नाही? दोन्ही बाजूंनी मला बोलता येतं.

आईचे किती झाले, हेही मी काढायला बसलो होतो. निघेना. तिच्या शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे, म्हणजे गुरुजींनी नाव घालताना टाकलेली तारीख. तिच्या माहेरी राधानगरीकडं फक्त एवढं सांगत, की भातं कापायला आली होती तेव्हा झाली. कुठल्या वर्षीची भातं, यावर दोन मावश्यांचं एकमत नाही. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच असणार. सहा-सहा महिन्यांचा मूळ तारखेतच घोळ, आणि वर दोन चंद्रांवरून वाद.

तरीही आठ महिने हे गणित चूकच आहे. ते मी मागं घेणार नाही.

परवा गल्लीतले एकजण वडिलांची जन्मतारीख चिठ्ठीवर लिहून आले. मी पौर्णिमा शोधली, दिवस मिळवले, तारीख लिहून दिली. ती त्यांच्या गुरुजींच्या तारखेपेक्षा सात आठवडे पुढं निघाली. "मग थांबू म्हणता?" त्यांनी विचारलं. मी विचारलं, आई कशा आहेत. ते म्हणाले, "गुडघे दुखतात, बाकी बऱ्या आहेत." मी चिठ्ठी परत दिली. माझी तारीख त्यावर तशीच होती, ती मी खोडली नाही.