एका ओळीवर मुलाखतीला जाऊ नका

आज उद्यमबागेतल्या एका नोकरीसाठी भाचीला रिक्रूटरचा व्हॉट्सअ‍ॅप आला: "क्वालिटी इंजिनिअर, बेळगाव, पगार उत्तम." एवढंच. आम्ही दोघांनी बसून उत्तर लिहिलं:

"नमस्कार सर, या जागेत मला रस आहे. कंपनीने दिलेलं पूर्ण जॉब डिस्क्रिप्शन कृपया ईमेलवर पाठवाल का? नेमणूक कंपनीच्या पे-रोलवर की कंत्राटदाराच्या, कामाची जागा, शिफ्ट आणि पगाराची रेंजही त्यात असावी. वाचून लगेच मुलाखतीची वेळ कळवते."

यातला पे-रोलचा प्रश्न सोडूच नका. फोनवर कंपनीचं नाव ऐकायला मिळतं आणि ऑफर लेटर येतं कंत्राटदाराचं. कामाच्या जागेचंही तसंच; "बेळगाव" म्हणजे कधी फक्त मुलाखत बेळगावात, काम धारवाडला किंवा कोल्हापूरला. पगार सीटीसीत सांगितला तर हातात किती ते वेगळं विचारा, कारण कंपनीचा पीएफचा वाटाही बहुधा सीटीसीतच धरलेला असतो.

"फोनवर सांगतो" म्हणाले तर ऐकून घ्या, आणि फोन ठेवताच ऐकलेले मुद्दे ईमेलने पाठवून "हे बरोबर आहे ना?" असं विचारा. कंपनीचं नाव सुरुवातीला गुप्त ठेवणं चालतं, पण कामाचं स्वरूप लपवायचं काहीच कारण नसतं.